चौथ्या खुर्चीचा डाव

वैजयंतीच्या घरात जेवायचं टेबल होतं आणि त्याला चार खुर्च्या होत्या. जेवणारं माणूस मात्र एकच. वडील होते तोवर दोन खुर्च्या कामात यायच्या. ते गेले आणि मग ती ताट घेऊन ओट्यापाशीच उभ्याउभ्या जेवायला लागली. टेबलावर मांडून ठेवला होता खेळाचा पट.

एकेकाळी ती पुण्यात होती, पटावरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. वडिलांच्या आजारपणात वाशिमला आली ती इथलीच होऊन राहिली. खेळ मात्र सुटले नाहीत. गेलं वर्षभर ती एकाच खेळात गुंतली होती. नाव ठेवलं होतं ‘खळं’. पटावर सहा जागा: विहीर, ट्रॅक्टर, कृषी केंद्र, हडंबा म्हणजे मळणीयंत्र, गोदाम आणि बाजार. चार खेळणारे, प्रत्येकाकडे दोन लाकडी गडी. आळीपाळीनं एकेक गडी जागेवर उभा करायचा आणि त्या जागेचं फळ घ्यायचं. विहिरीवर पाणी, हडंब्यावर तीन पोती सोयाबीन. एका जागेवर एकच गडी. सगळे गडी लागले की आठवडा संपला, गडी परत हातात, आणि पहिल्या डावाचा मान पुढच्या खुर्चीकडे.

सांजवात लावून झाली की वैजयंती खेळायला बसायची. चौघांच्या वतीनं एकटीच. प्रामाणिकपणा म्हणून दर डावाला ती उठून खुर्ची बदलायची. लाल गडी अधाशी, त्याला हडंबाच हवा. हिरवी हिशेबी. निळा उगाच दुसऱ्याच्या वाटेत उभा राहणारा. आणि चौथ्या खुर्चीवरची पिवळी भिडस्त, मिळेल ते घेणारी, न मिळालं तर गप्प बसणारी. आठ गडी आणि सहा जागा, म्हणजे शेवटच्या दोघांना उभं राहायला ठिकाणच उरायचं नाही. त्याचं वैजयंतीला काही वाटत नव्हतं. टंचाई हवीच ना! पिवळीला जागा नसली की ती म्हणायची, “पास,” आणि तिला एक खुर्ची कमी फिरावी लागायची.

खेळाची एक प्रत तिनं पुण्याला पाठवली होती. दिवाळी होऊन गेली आणि तिकडून सतीशचा फोन आला. तिच्याबरोबर काम केलेला हा माणूस आता कंपनीत कोणता खेळ छापायचा ते ठरवत होता.

“वैजू, खेळ देखणा आहे. पण आमच्याकडे चौघं बसले, त्यातले दोघं तिसऱ्या आठवड्यात मोबाईल बघायला लागले. जागा भरल्या की माणूस नुसता बसून राहतो.”

“टंचाई आहे त्यात. ती मुद्दाम ठेवली आहे.”

“टंचाई ठेव की. कोणी तुझी जागा अडवली तर तुझा बेत बदलायला हवा. बेतच संपला तर कसं चालेल? जागा गेल्यावर माणसानं ‘अरेच्चा, आता काय करू’ म्हणायला हवं. इथं ते ‘जाऊ दे’ म्हणतात. बरं, तू खेळून बघितलास ना? कोणासोबत?”

वैजयंतीनं समोरच्या चार खुर्च्यांकडे पाहिलं.

“आहे ना,” ती म्हणाली, “आमचा इथला एक ग्रुप आहे.”

“वा! मग झकास. पंधरा दिवसांनी मला नागपूरला जायचंय. वाटेत वाशिमला उतरतो. तुझ्या ग्रुपसोबत एक डाव बसतो आणि तिथंच सांगतो, घ्यायचा की सोडायचा. या वर्षी एकच खेळ निघणार आहे, आणि दुसरा एक आमच्या हातात आहे. स्पष्ट सांगितलेलं बरं.”

तिनं फोन ठेवला. खोटं बोलायची सवय नव्हती तिला. आता खेळ तर नीट करायचाच होता, शिवाय ग्रुपही पैदा करायचा होता.

खालच्या मजल्यावर तुळसाबाई राहायच्या. मूळच्या अनसिंगच्या. लेकानं वाशिमला घर घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर आल्या. पुढे लेक बदलीवर गेला आणि त्या मागे राहिल्या. कार्तिक महिना होता, पहाटे काकडआरतीला जायच्या, त्यामुळे दुपारी मोकळ्या. जिन्यात भेटल्या की “बरं हाय ना?” एवढंच बोलणं. वैजयंतीनं त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “कोणाचं काय हाय? हळदीकुंकू हाय का?” वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी रीता बँकेत होती, तिला कंटाळाच आला होता, ती लगेच हो म्हणाली. चौथे मिळाले फुलसिंगभाऊ. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पोहरादेवीच्या बाजूचं गाव सोडून मुलीजवळ येऊन राहिलेले. चौकातल्या बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीची वेळ सांगत, कोणी विचारो न विचारो.

रविवारी दुपारी चारही खुर्च्या भरल्या. वैजयंतीच्या घरात कितीतरी दिवसांनी चार कप निघाले. एका कपाला कान नव्हता, तो तिनं स्वतःकडे घेतला. तुळसाबाई चौथ्या खुर्चीवर, पिवळे गडी घेऊन.

“हे माणसं हायेत का?” त्यांनी गडी उलटसुलट करून पाहिला. “याले तोंडच नाही.”

“गडी हाय काकू, बोलत नाही म्हणूनच कामाचा,” फुलसिंगभाऊ म्हणाले.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात फुलसिंगभाऊंनी ट्रॅक्टर घेतला, रीतानं हडंबा घेतला, वैजयंतीनं विहीर. तुळसाबाईंचं पीक उभं होतं, त्यांना हडंबाच हवा होता. तो गेला म्हणून बाजारात गडी ठेवला, पण विकायला पोतं नव्हतं. पुन्हा फेरी आली, गोदाम गेलं, कृषी केंद्र गेलं. तुळसाबाईंच्या हातात एक गडी उरला.

“आता म्या काय करू?”

“या वेळी काही नाही, काकू. पास.”

“पास म्हंजे?”

“थांबायचं. पुढच्या आठवड्यापर्यंत.”

तुळसाबाईंनी गडी पटाच्या कडेला निजवून ठेवला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तेव्हा त्या हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं.

“नुसतं थांबायचंच व्हतं, तं वैजू, म्या घरीच नसती का थांबली? तिथं तं मले कोणी अडवत बी नाही.”

आणि तुळशीपाशी दिवा लावायचाय म्हणून उठल्या. दिवेलागणीला अजून वेळ होता. उन्हं नुकती खिडकीतून टेबलावर आली होती.

सगळे गेल्यावर वैजयंती चौथ्या खुर्चीवर जाऊन बसली. वर्षभर ती या खुर्चीवर बसत होती. ‘पास’ म्हणताना तिला कधी दुखलं नव्हतं, कारण पिवळीचं गेलेलं लालच्या घरात जायचं आणि लालही तीच होती. कोणाचा बेत कोण मोडणार हे तिला आधीच ठाऊक असायचं. मोडलेला बेत आणि मोडणारा हात, दोन्ही एकाच अंगाला जोडलेले. तिच्या खेळात अडवलं जाणारं माणूसच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तुळसाबाईंच्या दारात गेली. “काकू, माझं चुकलंय. नीट करते. परत याल का?”

“चुकलं काय त्यात?” तुळसाबाई म्हणाल्या. “येईन. पण मले काही काम दे बाई.”

पहिला उपाय सोपा होता. तिनं दोन जागा वाढवल्या. आठ गडी, आठ जागा. कोणी अडलं नाही. कोणी पटाकडे बघेनासंही झालं. रीता खेळताखेळता मेसेज वाचत होती आणि फुलसिंगभाऊंनी जांभई दिली.

“कसं हाय मॅडम, गाडीत सगळ्याइले सीट भेटली, तं कंडक्टर झोपून जाते. थोडी खेचाखेची पायजे. फकत, मानूस खाली नाही राह्यला पायजे.”

तिनं दोन्ही जागा पुसल्या आणि नवी जागा काढली, मजुरी. तिथं कितीही गडी चालतील, प्रत्येकाला एक पोतं. कोणाचीच फेरी वाया जाणार नव्हती. तुळसाबाईंचा शेवटचा गडी मजुरीवर जाऊ लागला, आणि त्या दर वेळी हरू लागल्या. “हे तं रोजगार हमी झाली,” त्या म्हणाल्या. खरंच होतं. गडी जागेवर जात होता, पण त्यात निवड कुठे होती? मग तिनं मजुरीला दोन पोती केली, तेव्हा सगळेच तिकडे धावले आणि हडंबा ओस पडला. पैसे भरून दुसऱ्याच्या जागेवर जायचा नियमही करून पाहिला. ज्याच्याकडे पैसे होते तोच सगळीकडे घुसला आणि आणखी श्रीमंत झाला. त्यात रीता जिंकली. “ताई, मला आवडलं, पण हे वाईट आहे,” ती म्हणाली.

आठवडा निघून गेला होता. रात्री जेवणाची इच्छा नसायची. खेळ सुटला तर सुटला, अशी मनाची समजूत ती घालून पाही, पण ती पटत नसे. खेळ सुटला तर या टेबलाशी माणसं बसायचं कारणही सुटणार होतं.

शनिवारी पुन्हा डाव बसला. तुळसाबाईंचा शनिवारचा उपास, म्हणून वैजयंतीनं त्यांच्यासाठी भगर केली होती. नियम जुनाच, कारण नवं काही सुचलंच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात रीतानं हडंबा घेतला. फेरी तुळसाबाईंकडे आली. त्यांनी भगरीचा घास संपवला आणि आपला पिवळा गडी सरळ रीताच्या हिरव्या गड्याला चिकटून उभा केला.

“काकू, तिथं नाही चालत,” रीता म्हणाली. “तिथं मी आहे.”

“तू हायेसच ना. म्या कुठं तुले काढून राह्यली? बाजूले उभी राह्यते. एकटीनं कडेले कायले बसू?”

“अहो, पण नियम...”

“राहू दे,” वैजयंती म्हणाली.

ती गडी उचलायला पुढे झाली होती. तिचा हात तसाच पटावर थांबला. दोन गडी खांद्याला खांदा लावून हडंब्यापाशी उभे होते. फुलसिंगभाऊ म्हणाले, “डबल सीट!” आणि हसले. वैजयंती हसली नाही. तिला वाटलं, ठीक आहे, बाजूला उभं राहिलं. मग बाजूला उभं राहणाऱ्याला काय मिळावं?

तो डाव तिनं अर्ध्यावर थांबवला. “उद्या या. नक्की या,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, पूजा आटोपून ती पटाशी बसली. या वेळी तिनं खुर्च्या बदलल्या नाहीत, कारण त्या लबाडीचा आता उपयोग नव्हता. बाजूला उभ्या राहणाऱ्याला एक पोतं द्यावं, हे तर पहिल्याच मिनिटाला सुचलं. पण एवढंच दिलं तर ती पुन्हा मजुरीच. त्याला निवड हवी, आणि ती निवड जागा अडवणाऱ्यालाही टोचायला हवी. दुपारपर्यंत तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

नियम शेवटी असा झाला. जागेवर गडी असेल तर दुसऱ्या कोणाचा एक गडी त्याच्या जोडीला उभा राहू शकतो. आपलाच आपल्या जोडीला नाही. जोडीदारानं दोनपैकी एक घ्यायचं. एक तर त्या जागेचा छोटा वाटा, हडंब्यावर एक पोतं, लगेच. त्यात मालकाला, म्हणजे आधी उभा असलेल्याला, जास्तीचं काही नाही. नाही तर पुढचा नंबर. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या आधी त्या जागेवर त्याचाच गडी लागेल. पण नंबर हवा असेल तर या आठवड्याची मेहनत मालकाला जाईल, मालकाला एक पोतं जास्त.

संध्याकाळी चौघं बसली. दुसऱ्याच आठवड्यात तुळसाबाई रीताच्या जोडीला उभ्या राहिल्या आणि तिथंच अडल्या.

“पोतं घेतलं तं आज चूल पेटते. नंबर घेतला तं उद्याचं भलं, पण या पोरीचं पोट वाढते.” त्यांनी रीताकडे पाहिलं. “किती पोते हायेत वं तुह्याकडं?”

“सांगणार नाही.”

“उघडेच तं हायेत. पाच. नाही बाप्पा, मले पोतंच दे.”

पुढच्या आठवड्यात फुलसिंगभाऊंनी हडंब्यावर गडी ठेवायचा हात मागे घेतला. “म्या इथं बसलो, तं काकू नंबर लावते, पुढल्या हप्त्यात हडंबा काकूचा. नाही बसलो, तं रीता बसते. अरे! हे तं दोन्हीकडून फसलो.” आणि ते असे खूष झाले, जसे काही जिंकलेच. कोणी ‘पास’ म्हणालं नाही. रीताचा मोबाईल बाजूलाच पडून होता. तुळसाबाईंना दिवा लावायची आठवण वैजयंतीनं करून द्यावी लागली.

सतीश आला तो सुट्टीच्या दिवशी, दुपारचा. चार खुर्च्या, चार खेळणारे: सतीश, रीता, फुलसिंगभाऊ, तुळसाबाई. खेळ बनवणाऱ्यानं मधे बोलायचं नसतं, म्हणून वैजयंती ओट्याला टेकून उभी राहिली, जिथं ती रोज जेवायची. तिच्याच टेबलाशी तिला जागा नव्हती.

चौथ्या आठवड्यापर्यंत तुळसाबाई पुढे होत्या आणि हडंब्यावर त्यांचा गडी होता. सतीशचं पीक उभं होतं. त्यानं गडी उचलला, जोडीला नेला, परत आणला. गोदामापाशी कोणाचा गडी आहे ते पाहिलं. पुन्हा हडंब्याकडे आला. बाहेर भंगारवाला ओरडून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. वैजयंती त्याच्या हाताकडे बघत होती. वैतागलेला हात आणि गुंतलेला हात यातला फरक तिला गेल्या आठ दिवसांत कळायला लागला होता.

“ये ना बाप्पा, बाजूले उभा राह्य,” तुळसाबाई म्हणाल्या. “म्या काही खाऊन नाही राह्यली तुले.”

“काकू, नंबर घेतला तर तुम्हीच जिंकाल.”

“मंग पोतं घे.”

“पोतं घेतलं तर पुढच्या आठवड्यात परत अडकतो.”

“मंग बसून राह्य. चहा पिशीन?”

सतीश मोठ्यानं हसला आणि त्यानं नंबर घेतला. तुळसाबाई एका पोत्यानं जिंकल्या. त्यांनी जिंकलेली पोती पुन्हा पुन्हा मोजली आणि पदर सावरून बसल्या.

“छान,” सतीश पट आवरताना म्हणाला. “अडलो, पण रिकामा बसलो नाही. घेतला खेळ. काकू, तुमचा हा ग्रुप जुना दिसतो. किती वर्षं खेळताय?”

“कोणचा ग्रुप?” तुळसाबाई म्हणाल्या. “आमाले तं वैजूनं आताच बलावलं. दिवाळीनंतर.”

सतीशनं वैजयंतीकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे. चौथीच्या पाठीवर अजून वडिलांचा टॉवेल होता. गाडीची वेळ झाली होती. फुलसिंगभाऊ ती दोनदा सांगून चुकले होते. दारात तो हळूच म्हणाला, “वर्षभर एकटीच खेळत होतीस?”

“चौघी होतो,” वैजयंती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिनं सवयीनं चहाचं आधण जास्त ठेवलं. फुलसिंगभाऊ गावी गेले होते. रीताला जोडून सुट्टी होती, ती आईवडिलांकडे गेलेली. खेळ झाला होता, तपासायला आता कोणाची गरज नव्हती, आणि गरज नसताना कोणाला बोलवायचं असतं हे ती विसरून गेली होती. तिनं पट मांडला. लालचा गडी हडंब्यावर ठेवला, उठून चौथ्या खुर्चीवर गेली, पिवळा गडी जोडीला उभा केला. पोतं की नंबर? तिला काहीच फरक पडेना. दोन्ही घरं तिचीच होती. हा नियम एकटीनं खेळताच येत नव्हता.

तिनं पिवळा गडी उचलला. तो खेळाच्या पेटीत टाकला, गॅस बंद केला आणि जिना उतरली.

तुळसाबाईंचं दार उघडं होतं. आत शेजारच्या तिघी जमल्या होत्या, चौघींच्या मधे मोठ्या परातीत तूर निवडायला घेतली होती. गुडघ्याला गुडघे लागलेले. परातीभोवती रिकामी जागा दिसत नव्हती. वैजयंती उंबऱ्याशी थांबली. काही काम आहे का, असं तिला कोणी विचारलं असतं तर ती नाही म्हणून वर निघून गेली असती.

तुळसाबाईंनी मान वर केली. “काय वं?”

“काही नाही,” वैजयंती म्हणाली. आणि मग तिलाच नवल वाटेल अशा आवाजात, “बाजूला बसू का?”

तुळसाबाईंनी मांडी थोडी आवरून घेतली. फार नाही, गुडघाभर. मूठभर तूर तिच्या पुढ्यात सरकवली आणि शेजारणीशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं. वैजयंतीला त्यातलं माणूस कोण, गाव कोणतं, काही कळत नव्हतं. ती खडे वेचत राहिली.